मुदत टळून गेल्यावर आलेला अभिप्राय : रुईच्या एका सौद्याचा हिशेब

जानेवारीचा दुसरा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात दिवसरात्र कामाची धांदल असते. एका बाजूस कापसाच्या गंज्या, दुसऱ्या बाजूस सरकीचे ढीग आणि शेडखाली रचून ठेवलेल्या गाठी. दक्षिणेकडील एका सूतगिरणीस द्यावयाच्या तीनशे गाठी तयार आहेत, उद्या सकाळी पहिला ट्रक लागायचा आहे आणि हमालांना निरोप गेलेला आहे. संध्याकाळी सात वाजता गिरणीकडून संदेश येतो : "नमुन्यात दोष आढळला. संपूर्ण लॉट बदलून द्यावा. पहिली खेप मात्र ठरल्या तारखेसच हवी."

असा संदेश हाती पडल्यावर व्यापारी सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. रागाने लगेच फोन उचलतो, किंवा ग्राहक दुरावेल या भीतीने "बघतो, करतो" असे म्हणून सारे मान्य करून टाकतो. दोन्ही मार्ग महाग पडतात. उशिरा आलेल्या अभिप्रायात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात : मालात खरोखर उणीव आहे काय, आणि ती सांगण्यास झालेल्या विलंबाचा भार कोणी सोसावा. हे दोन प्रश्न जो सोडवून वेगळे ठेवतो, त्याचा माल वाचतो आणि ग्राहकही टिकतो. ते कसे करावयाचे, हे एका सौद्याच्या आधारे पाहू. सौदा उदाहरणादाखल रचलेला आहे, परंतु त्यातील प्रत्येक पायरी या धंद्यात नित्य घडणारी आहे.

सौदा आणि त्यातील तारखा

सौदा झाला 2 जानेवारीस. गाठी तीनशे, प्रत्येकी सरासरी 170 किलो. लांबी 29 मिलिमीटर, मायक्रोनेअर 3.7 ते 4.5, कचरा साडेतीन टक्क्यांपर्यंत, ओलावा साडेआठ टक्क्यांपर्यंत. भाव खंडीस, म्हणजे 356 किलोस, 55,000 रुपये धरू. 3 जानेवारीस गिरणीच्या माणसाने प्रत्येक गाठीचा नमुना काढून नेला. पास-नापास कळविण्याची मुदत होती 7 जानेवारी. माल शंभर-शंभर गाठींच्या तीन ट्रकांनी 12, 16 आणि 20 जानेवारीस रवाना व्हायचा. विक्रेत्याकडून उशीर झाल्यास दर दिवशी गाठीमागे 40 रुपये कपात, असेही सौदा चिठ्ठीत लिहिले होते.

7 तारीख गेली. गिरणीकडून काहीच आले नाही. विक्रेत्याने ते मौन संमती समजून माल रचून ठेवला, आणि 11 तारखेच्या संध्याकाळी वरचा संदेश आला.

येथे पहिली चूक विक्रेत्याच्या बाजूची आहे. 7 तारखेस उत्तर आले नाही, तर 8 तारखेस सकाळी दोन ओळी लिहून पाठविणे त्याचे काम होते : "नमुन्याचा निकाल कालपर्यंत अपेक्षित होता. निकाल न आल्यास गाठी क्रमाने ट्रकनिहाय रचण्याचे काम थांबून राहील आणि 12 तारखेच्या खेपेवर परिणाम होईल." व्यवहारात मौनाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. तशी ओळ गेली असती, तर चार दिवसांचा विलंब कोणाचा, हा प्रश्न पुढे उरलाच नसता.

प्रथम अहवाल वाचावा, मग संदेश

संदेशात "संपूर्ण लॉट" असे म्हटले होते. विक्रेत्याने उत्तर देण्यापूर्वी प्रयोगशाळेचा मूळ अहवाल मागविला, तो गाठीनिहाय. यंत्रावर तपासलेल्या प्रत्येक नमुन्यापुढे आकडे छापलेले असतात आणि तपासणीची तारीखही असते. हा कागद हाती आल्याखेरीज एक शब्दही मान्य करू नये किंवा नाकारू नये.

अहवालात तीन गोष्टी पाहावयाच्या.

पहिली, किती गाठी नापास आहेत. या सौद्यात तीनशेपैकी 26 गाठींचा मायक्रोनेअर 3.4 ते 3.6 निघाला. उरलेल्या 274 गाठी ठरलेल्या मर्यादेत होत्या. म्हणजे "लॉट नापास" हे विधानच अहवालाला धरून नव्हते.

दुसरी, दोष कोणत्या प्रकारचा आहे. मायक्रोनेअर हे तंतूच्या जाडीचे आणि पक्वतेचे माप आहे. शेवटच्या वेचणीचा, अर्धवट पिकलेला कापूस गंजीत मिसळला की ते खाली येते. असा कच्चा तंतू सुतात बारीक गुठळ्या करतो आणि रंग सारखा घेत नाही, म्हणून रंगीत सूत काढणाऱ्या गिरणीची तक्रार निराधार म्हणता येत नाही. हे माप हवेतील ओलाव्याने फारसे बदलत नाही. त्यामुळे आठ दिवस जुन्या नमुन्यावरचा हा निकालही ग्राह्य धरावा लागतो. तक्रार ओलाव्याची असती, तर गोष्ट वेगळी होती. 3 तारखेस काढून साध्या कागदात गुंडाळलेल्या नमुन्यातील ओलावा 10 तारखेस मोजला, तर तो आकडा प्रवासातील आणि प्रयोगशाळेतील हवेचा असतो, शेडमधील गाठीचा नव्हे. हवाबंद पिशवीत न नेलेल्या नमुन्यावरची ओलाव्याची तक्रार नम्रपणे पण ठामपणे परत करावी आणि नवा नमुना काढण्यास सांगावे.

तिसरी, तपासणीची तारीख. अहवाल 10 जानेवारीचा असेल, तर प्रयोगशाळेस उशीर झाला एवढाच अर्थ. तो 5 जानेवारीचा असूनही 11 तारखेस हाती आला असेल, तर तो सहा दिवस कोणाच्या तरी मेजावर पडून होता. दरम्यानच्या काळात भाव उतरले असतील, तर त्या पडून राहण्यामागचे कारणही शोधावे लागते. आरोप करण्याची आवश्यकता नाही. उत्तरात तारीख तेवढी नोंदवावी, समोरचा जाणकार असतो. आपल्या उदाहरणात अहवाल 9 तारखेचा होता. गिरणीच्या प्रयोगशाळेत हंगामाची गर्दी होती, खोड नव्हते.

अहवालापाठोपाठ आपली वही उघडावी. प्रत्येक गाठीवर प्रेसचा क्रमांक असतो आणि प्रेसच्या नोंदवहीत तो क्रमांक कोणत्या दिवशी, कोणत्या गंजीतून निघाला हे लिहिलेले असते. 26 गाठींचे क्रमांक पडताळले असता त्या सर्व एकाच दिवसाच्या, एकाच गंजीच्या निघाल्या. दोष खरा होता, विक्रेत्याच्या बाजूचा होता आणि मर्यादित होता. तीनशे गाठींत विखुरलेली तक्रार आणि एका दिवसात सापडलेली तक्रार यांत मोठा फरक आहे. पहिलीत मोजमापाविषयी शंका घेता येते, दुसरीत आपला दोष कबूल करणे हाच शहाणपणा ठरतो.

घड्याळे तीन आहेत

उशिरा आलेला अभिप्राय वेळापत्रक नेमके कोठे मोडतो, हे आता मोजता येते.

पहिले घड्याळ कामाचे. 26 गाठी क्रमाने शोधून थप्पीतून बाहेर काढणे आणि पुन्हा ट्रकनिहाय रचणे यास एक पूर्ण दिवस लागतो. निकाल 7 तारखेस आला असता, तर हे काम 8 तारखेस उरकले असते आणि 12 चा ट्रक वेळेवर निघाला असता. 11 च्या संध्याकाळी निकाल आल्यामुळे हे काम 12 तारखेवरच येऊन पडले. म्हणजे पहिला ट्रक 13 तारखेस निघणार. हा एक दिवस विलंबित अभिप्रायाचा थेट परिणाम आहे. बदली गाठी तयार करण्यास लागणारा वेळ मात्र विक्रेत्याच्या दोषाचा परिणाम आहे. ही दोन कारणे एकाच रकान्यात लिहू नयेत.

दुसरे घड्याळ बँकेचे. तीनशे गाठी म्हणजे 51,000 किलो, सुमारे 143.26 खंडी. त्यांची किंमत साधारण 78 लाख 79 हजार रुपये. शेतकऱ्याचे पैसे आधीच चुकते झालेले असतात, गिरणीचे यायचे असतात आणि मधली रक्कम कॅश क्रेडिटवर उभी असते. व्याज वार्षिक दहा टक्के धरले, तर हा सगळा माल दहा दिवस अडकून पडल्यास सुमारे 21,600 रुपये व्याज होते. मालाची खेप रखडली की महिनाअखेरच्या साठा-पत्रकात तो माल येणे रकमेत न जाता शेडमध्येच राहतो. बँक या दोहोंवर वेगवेगळे मार्जिन धरते, म्हणून उचलीची मर्यादा बदलते. लांबणीची शक्यता दिसताच शाखेस दोन ओळी कळविणे, हे नंतर खाते ताणले गेल्यावर खुलासा करण्यापेक्षा सोपे असते.

तिसरे घड्याळ कपातीचे. गिरणीची मागणी जशीच्या तशी मानून तीनशे गाठी बदलावयाच्या ठरविल्या आणि त्यात दहा दिवस गेले, तर गाठीमागे 40 रुपयांप्रमाणे कपात 1,20,000 रुपये होते. व्याज धरून आकडा 1,41,600 वर जातो. "बघतो, करतो" या दोन शब्दांची ही किंमत आहे.

त्याच रात्री जाणारे उत्तर

उत्तर त्याच रात्री आणि लिहून गेले पाहिजे. फोनवर बोलणे वावगे नाही, पण बोलणे संपताच त्याचा सारांश लेखी जावा. मोबाइलवरचा संदेशही लेखी नोंदच आहे. तरीही पत्र जोडून ई-मेल पाठवावी आणि प्रत दलालास द्यावी, कारण सौदा चिठ्ठी त्याच्या हातून झालेली असते. या सौद्यातील उत्तर असे गेले :

"आपला 9 जानेवारीचा अहवाल आज 11 जानेवारीस सायंकाळी मिळाला. निकालाची मुदत 7 जानेवारी होती. अहवालानुसार 26 गाठींचा मायक्रोनेअर मर्यादेखाली आहे. ही उणीव आम्हांस मान्य असून त्या गाठी आम्ही स्वखर्चाने बदलून देऊ. उरलेल्या 274 गाठी ठरलेल्या प्रतीत आहेत व त्या पाठविण्यात येतील. गाठी वेगळ्या करण्यास एक दिवस लागेल. निकाल मुदतीत आला असता, तर तो लागला नसता. म्हणून पहिला ट्रक 13 जानेवारीस, दुसरा 16 जानेवारीस निघेल. बदली 26 गाठींचे नमुने 14 तारखेस आपणांकडे येतील. त्यांचा निकाल 18 तारखेच्या दुपारपर्यंत मिळाल्यास त्या उरलेल्या 74 गाठींसह 20 तारखेच्या ट्रकमध्ये जातील. निकाल न मिळाल्यास 74 गाठी 20 तारखेस जातील आणि 26 गाठींची तारीख निकालानंतर तीन दिवसांची धरली जाईल. पहिल्या ट्रकच्या एका दिवसावर कपात लागू होणार नाही, अशी आमची समजूत आहे. आपले मत याहून वेगळे असल्यास उद्या दुपारी बारापर्यंत कळवावे."

या पत्रात आवाज कोठेही चढलेला नाही, तरी प्रत्येक वाक्य आपले काम करते. चूक मान्य केली आहे, पण 26 गाठींपुरती. विलंब नोंदविला आहे, पण दूषण न देता. नवी तारीख दिली आहे, आणि ती गिरणीच्या पुढच्या निकालाशी बांधली आहे. उशीर वेळापत्रकाच्या शेवटच्या टोकाकडे ढकलला आहे, त्यामुळे गिरणीचे यंत्र चालू राहील इतका माल तिला वेळेवर मिळतो. गिरणीला खरी भीती रुई संपण्याची असते. ती भीती घालविली की उरलेली बोलणी सोपी होतात.

दुसरा पर्यायही त्याच वेळी पुढे ठेवता येतो. 26 गाठी म्हणजे 4,420 किलो, साधारण 12.4 खंडी. खंडीस 500 रुपये सूट देऊन गिरणीने त्या आहेत तशा घ्याव्यात, असे ठरल्यास विक्रेत्यास सुमारे 6,200 रुपये पडतात. बदली मालाचे जिनिंग, नवे नमुने आणि हमाली यांचा विचार करता ही सूट पुष्कळदा स्वस्त पडते. ज्या गिरणीत जाडे किंवा न रंगविलेले सूत निघते, तिला हा माल चालतो. रंगीत सुताच्या गिरणीस मात्र तो गळ्यात बांधू नये, कारण पुढच्या वर्षीचा सौदा या 6,200 रुपयांहून मोठा असतो.

कायदा कोणाच्या बाजूने

अशा प्रसंगी विक्रेत्यास वाटते की तारीख चुकली म्हणजे दोष आपलाच. कायदा इतका एकांगी नाही. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये परस्परांच्या वचनांचा क्रम विचारात घेतला आहे. कलम 54 सांगते की, ज्याचे वचन आधी पाळावयाचे आहे त्याने ते पाळले नाही, तर त्याला दुसऱ्याकडून पुढच्या वचनाची पूर्तता मागता येत नाही आणि नुकसान झाल्यास ते त्यानेच भरावयाचे. नमुना पास करणे आधी आणि माल पाठविणे नंतर, असा क्रम सौदा चिठ्ठीत असेल, तर हे कलम थेट लागू पडते. कलम 67 अधिक साध्या शब्दांत तेच सांगते : पूर्ततेसाठी लागणारी वाजवी सोय ज्याने द्यावयाची त्यानेच ती दिली नाही, तर त्यामुळे झालेल्या अपूर्ततेबद्दल दुसऱ्यास दोषमुक्ती मिळते. "त्यामुळे झालेल्या" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या सौद्यात ही दोषमुक्ती पहिल्या ट्रकच्या एका दिवसापुरतीच आहे, 26 गाठींच्या दोषास ती झाकत नाही.

कलम 55 मध्ये आणखी एक व्यवहारी तरतूद आहे. ठरलेल्या वेळेनंतर दिलेला माल ग्राहकाने स्वीकारला, तर उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही; मात्र स्वीकारतानाच तसा इरादा त्याने कळविलेला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून ट्रक पोचल्यावर माल मुकाट्याने उतरविला गेला काय आणि बिल्टीवर काय शेरा मारला गेला, हे पाहावे.

विलंबित मंजुरीचा प्रश्न न्यायालयात कसा उलगडतो, याचे बोलके उदाहरण इंग्लंडमधील लिव्हरपूलचे आहे. 1960 च्या दशकात तेथील नगर प्रशासनासाठी इमारतींचे काम चालू असता पायातील खांबांत दोष सापडला. दोष उपकंत्राटदाराचा होता, याविषयी वाद नव्हता. परंतु दुरुस्तीचा मार्ग सुचवून घेणे आणि त्यास मंजुरी देणे यातच प्रशासनाने इतका वेळ लावला, की काम एक वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. प्रत्यक्ष दुरुस्तीस त्याचा थोडासाच भाग पुरला. पीक विरुद्ध मॅकिनी या खटल्यात 1970 मध्ये अपील न्यायालयाने ठरविले की, ज्या विलंबास ग्राहक स्वतः अंशतः कारण आहे, त्या विलंबासाठी ठरीव दंडाची रक्कम तो वसूल करू शकत नाही. त्या करारात ग्राहकाच्या विलंबासाठी मुदतवाढ देणारे कलमच नव्हते, म्हणून नवी तारीख नेमता आली नाही आणि सगळा दंडच निकामी ठरला. यातील धडा दोन्ही बाजूंना आहे. विक्रेत्याचा मूळ दोष असला, तरी ग्राहकाचा विलंब त्यात विरघळून जात नाही. आणि ग्राहकालाही आपल्या विलंबासाठी मुदतवाढीचे कलम असणे हिताचेच असते.

महाराष्ट्रातील खटला नाशिकच्या डाव्या कालव्यावरील आहे. आळंदी नदीवरून पाणी नेणाऱ्या जलसेतूचे काम बारा महिन्यांत पुरे करावयाचे होते. ते झाले नाही आणि सरकारने करार रद्द केला. पावसाळा, कामाच्या जागी पोचण्यास रस्ता नसणे आणि अधिकाऱ्यांनी साहित्य नाकारणे, अशी कारणे कंत्राटदाराने पुढे केली. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, करारात वेळ हाच गाभा आहे असे शब्द असले, तरी त्याच करारात मुदतवाढीची आणि उशिरासाठी दंडाची तरतूद असेल, तर त्या शब्दांचा अर्थ संपूर्ण करार वाचून लावावा लागतो. बारा महिने उलटताच करार आपोआप मोडीत निघत नाही. गिरणीच्या "ठरल्या तारखेसच हवी" या आग्रहाकडे याच दृष्टीने पाहावे. सौदा चिठ्ठीत गाठीमागे रोजची कपात लिहिलेली असेल, तर एक दिवसाच्या विलंबासाठी सौदाच रद्द करण्याची धमकी बहुधा टिकत नाही.

माल पोचल्यानंतरचा अभिप्राय

कधी अभिप्राय माल पोचल्यानंतर, पैसे मागितल्यावर येतो. तेथे दुसरा कायदा मदतीस येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार, माल मिळाल्यापासून 15 दिवसांत ग्राहकाने लेखी आक्षेप घेतला नाही, तर माल मिळाला तो दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. लेखी आक्षेप मुदतीत आला असेल, तर तो दूर केल्याचा दिवस धरतात. तेथून पुढे लेखी करारानेही पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. ती चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. तोंडी कुरकुर हा आक्षेप नव्हे. विसाव्या दिवशी "माल हलका होता" असे म्हणणाऱ्यास ही तरतूद शांतपणे दाखविता येते.

मात्र येथे एक मर्यादा पेढीचालकांनी नीट लक्षात ठेवावी. जिनिंग हा उत्पादनाचा उद्योग आहे आणि त्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर हे संरक्षण मिळते. मध्यम उद्योगास ते नाही. केवळ गाठी घेऊन विकणारा व्यापारी उद्यम नोंदणी करू शकतो, परंतु 2021 मधील केंद्राच्या खुलाशाप्रमाणे त्याला मिळणारा लाभ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच आहे. विलंबित देयकाच्या या तरतुदी त्याच्यासाठी नाहीत. अशा पेढीस सौदा चिठ्ठीतील शब्द आणि 1930 चा मालविक्री कायदा यांचाच आधार उरतो. त्या कायद्यानुसारही वाजवी काळ लोटेपर्यंत नकार न कळविता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्याचे धरले जाते. परंतु वरवरच्या तपासणीत न दिसणारा दोष नमुन्यात लपलेला असेल, तर नमुना पास झाला एवढ्यावर विक्रेता सुटत नाही. गाठीच्या पोटात वेगळा माल निघाला, तर कोणतीही मुदत पुढे करणे व्यर्थ असते.

मोजमापावरच दोन्ही बाजूंचे एकमत होत नसेल, तर तिसऱ्या प्रयोगशाळेकडे जावे. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ही सरकारी संस्था मुंबईत आहे आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरास आहे. 1921 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज भारतीय कापूस संघटना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या संस्थेत तपासणीची आणि लवादाची सोय आहे. तेथे जाण्यासाठी दोन्ही बाजूंसमोर काढून मोहोरबंद केलेला नमुना हवा. त्यासाठी पहिल्याच दिवशी नमुन्याचा एक जोड शेडमध्ये राखून ठेवावा. एका पिशवीचा हा खर्च पुढे मोठा वाद वाचवितो.

पुढच्या सौद्यात लिहावयाच्या तीन ओळी

या प्रसंगातील बराचसा ताण सौदा चिठ्ठीत तीन ओळी अधिक असत्या, तर निर्माणच झाला नसता. एक : नमुना मिळाल्यापासून चार दिवसांत निकाल न कळविल्यास नमुना पास समजला जाईल. दोन : निकालास जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस रवानगीच्या तारखा पुढे जातील आणि त्या दिवसांवर कपात लागू होणार नाही. तीन : काही गाठी नापास झाल्यास आक्षेप क्रमांकासह त्या गाठींपुरताच राहील, उरलेला माल ठरल्याप्रमाणे जाईल.

मोठी गिरणी पहिल्या ओळीस कदाचित तयार होणार नाही. तिची प्रयोगशाळा हंगामात गर्दीत असते, आणि न तपासलेला माल पास झाल्याचे धरणे तिला धोक्याचे वाटते. अशा वेळी पहिली ओळ सोडून द्यावी, दुसरी मात्र धरून ठेवावी. ती ओळ गिरणीचा तपासणीचा हक्क काढून घेत नाही, केवळ उशिराचे दिवस ज्याचे त्याच्या खात्यावर लिहिते. एवढ्यासही नकार देणारा ग्राहक भाव ठरविताना विचारात घ्यावा, कारण त्याच्या विलंबाचे व्याज विक्रेत्यास स्वतःच्या भावातूनच काढावे लागणार असते.

आपल्या सौद्यात गिरणीचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरास आले : "मान्य. पहिला ट्रक 13 रोजी चालेल. बदली गाठींचे नमुने पाठवावेत." त्या सकाळी शेडमध्ये हमाल 26 गाठींचे क्रमांक शोधून त्या बाजूस काढीत होते, आणि प्रेसच्या नोंदवहीत त्या क्रमांकांपुढे तांबड्या शाईने एकेक खूण पडत होती.